सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीचं काम रीतसर बंद कसं करावं: अंतिम मोजमाप ते शेवटची फाईल

इमारतीची मोठी दुरुस्ती काढताना सोसायट्या बरीच काळजी घेतात. स्ट्रक्चरल ऑडिट होतं, टेंडर निघतं, तीन-चार कोटेशनं येतात, विशेष सर्वसाधारण सभेत तास-दोन तास चर्चा होते. काम संपताना मात्र सगळे थकलेले असतात. सहा महिने धूळ खाल्लेली असते, खिडक्या उघडता आलेल्या नसतात, त्यामुळे एकदाची परांची उतरली की सुटलो असं होतं. नेमक्या याच आठवड्यात अंतिम बिल पुढे येतं आणि घाईत सही होते. पुढच्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावर ओल येते, तेव्हा कंत्राटदार फोन घेत नाही आणि गॅरंटीचा कागद कुणाकडे आहे तेही सापडत नाही.

हा लेख अशा कामाच्या शेवटच्या टप्प्याबद्दल आहे. वाचक म्हणून माझ्यासमोर सचिव, खजिनदार आणि दुरुस्ती उपसमितीची मंडळी आहेत. बोलणं नेमकं राहावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ: ४८ सदनिकांची सोसायटी, आरसीसी दुरुस्ती, बाहेरचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि रंग. कराराची अंदाजित रक्कम जीएसटी सोडून ६२ लाख रुपये. करार मोजमापावर आधारित, म्हणजे दर ठरलेले आणि प्रत्यक्ष होईल तेवढ्या कामाचे पैसे. काम नोव्हेंबरात सुरू झालं आणि मेमध्ये संपत आलं.

आधी तीन तारखा वेगळ्या करा

काम बंद होण्याच्या तारखा तीन असतात. पहिली, काम वापरण्याजोगं पूर्ण झाल्याची. सल्लागार अभियंता त्या दिवशी काम पूर्ण झाल्याचा दाखला देतो आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे डिफेक्ट लायबिलिटी पिरियड, तिथून मोजायला लागतो. दुसरी, अंतिम बिलाचा हिशेब मिटल्याची. तिसरी, दोषदायित्व कालावधी संपून राखून ठेवलेले उरलेले पैसे परत केल्याची. करार खऱ्या अर्थाने या तिसऱ्या तारखेला बंद होतो. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेत साधारण एक वर्षाचं अंतर असतं. या तीन तारखा आणि प्रत्येकीसमोर जबाबदार व्यक्तीचं नाव फाईलच्या पहिल्याच पानावर लिहा.

दोषदायित्व बहुतेक करारांत १२ महिन्यांचं असतं. आपल्याकडे त्यात एक अख्खा पावसाळा येतो का, हे बघणं महत्त्वाचं. आपल्या उदाहरणात दाखला २० मेचा आहे, म्हणजे जून ते सप्टेंबर पूर्ण मिळतात. काम रखडून जुलैच्या मध्यावर संपलं असतं, तर १२ महिन्यांत दोन अर्धे-अर्धे पावसाळे आले असते आणि दुसऱ्या अर्ध्यात उघड झालेली गळती मुदतीबाहेर गेली असती. अशा वेळी दाखला देतानाच दोषदायित्व पुढच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत राहील असं दोघांच्या सहीने लिहून घ्या. कंत्राटदाराला अंतिम बिल हवं असतं, त्यामुळे ही गोष्ट मान्य करून घ्यायला हीच वेळ सोयीची असते.

परांची उतरण्याआधी

या टप्प्यात एकच गोष्ट करायला वेळ मिळणार असेल, तर ही करा. परांची उतरली की सहाव्या मजल्याच्या छज्जाखालचं प्लास्टर हाताने तपासता येत नाही, मोजताही येत नाही. नंतर त्या एका जागेसाठी झुला लावायचा खर्च कोण करणार, यावर वाद सुरू होतो. म्हणून "साहेब, उद्यापासून परांची काढतो" असं सुपरवायझर म्हणाला, की "आधी पाहणी, मग मोजमाप, मग परांची" एवढंच उत्तर द्या. हे कामाच्या आदेशातच लिहिलेलं असेल तर उत्तम. नसेल तर काम संपायच्या महिनाभर आधी ई-मेलने कळवा.

पाहणीला सल्लागाराचा साइट इंजिनिअर, कंत्राटदाराचा माणूस आणि समितीतलं कुणीतरी, असे तिघं हवेत. इमारतीच्या चार बाजूंना नावं द्या आणि एकेक बाजू वरून खाली घ्या. साध्या छोट्या हातोडीने प्लास्टरवर ठोकत जायचं. पक्क्या प्लास्टरचा आवाज भरीव येतो, सुटलेल्याचा पोकळ. पोकळ आवाज आला की तिथे खडूने वेढा मारायचा, फोटो काढायचा आणि यादीत बाजू, मजला, खोली असं लिहायचं. पॉलिमर मॉर्टरने भरलेल्या बीमच्या आणि कॉलमच्या कडांवर विशेष लक्ष द्या. तिथला थर नीट चिकटला नसेल तर रंगाखाली काही दिसत नाही, पण ठोकल्यावर लगेच कळतं.

बाहेरच्या पाइपांचे सांधे तपासायला प्रत्येक रांगेतल्या वरच्या घरात पाणी सोडायला सांगा आणि खालून बघा. खिडक्यांभोवतीचं सीलंट, छज्जाचा उतार, छज्जाखालची पाणी तोडणारी खाच हेही त्याच फेरीत बघा. छज्जाचा उतार भिंतीकडे असेल तर रंग कितीही चांगला असला तरी ओल येणारच.

गच्चीची चाचणी वेगळी. पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून पाणी भरायचं आणि ४८ ते ७२ तास ठेवायचं. सगळ्यात उंच भागही पाण्याखाली यायला हवा, नाहीतर तेवढा भाग तपासलाच गेला नाही. पण किती पाणी भरायचं हे सल्लागाराला विचारूनच ठरवा. एक इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला साधारण २५ किलो वजन, आणि जुन्या स्लॅबवर उताराच्या खालच्या टोकाला चार-पाच इंच पाणी साठलं तर तो भार लहान नाही. पाण्याची पातळी भिंतीवर खुणेने नोंदवा. चाचणीच्या आधी वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरातल्या छताचे फोटो काढा, चाचणीनंतर पुन्हा काढा. आधीचे फोटो नसतील तर दिसणारा डाग जुना की नवा, यावर कंत्राटदाराशी वाद घालत बसावं लागेल.

या सगळ्यातून त्रुटींची यादी तयार होते. आपल्या उदाहरणातल्या आकाराच्या इमारतीत ती शंभर-सव्वाशे नोंदींची झाली तरी घाबरू नका, त्यातल्या बऱ्याच गोष्टी एका दिवसात मिटणाऱ्या असतात. प्रत्येक नोंदीसमोर दुरुस्तीची तारीख आणि तपासणाऱ्याची सही घ्या. यादी मिटल्यावरच त्या बाजूची परांची उतरवू द्या.

अंतिम मोजमाप

चालू बिलांची मोजमापं बहुधा घाईत झालेली असतात आणि त्यांत ढोबळपणा राहतो. अंतिम मोजमाप म्हणजे सगळं पुन्हा, सुरुवातीपासून, दोन्ही बाजूंच्या समोर. मोजमाप पुस्तकात प्रत्येक ओळीवर कंत्राटदाराची आणि सल्लागाराच्या अभियंत्याची सही हवी. समितीच्या माणसाने प्रत्येक आकडा मोजायची गरज नाही. तीन-चार मोठ्या बाबी निवडून स्वतःच्या टेपने पडताळा घेतला तरी पुरे.

सर्वांत जास्त पैसा खिडक्यांच्या वजावटीत अडकलेला असतो, म्हणून हे जवळून बघू. समजा बाहेरची प्रत्येक खिडकी ६ फूट बाय ४ फूट आहे आणि प्रत्येक घराला बाहेरच्या भिंतीत चार, म्हणजे एकूण १९२ खिडक्या आहेत. एका खिडकीचं क्षेत्र २४ चौरस फूट, सगळ्यांचं मिळून ४,६०८. एवढ्या जागेवर प्लास्टर झालेलंच नाही. उलट खिडकीच्या आतल्या कडांना प्लास्टर झालं आहे: परिघ २० फूट, खोली अर्धा फूट, म्हणजे खिडकीमागे १० चौरस फूट आणि एकूण १,९२०. वजावट करून कडा मिळवल्या तर निव्वळ फरक २,६८८ चौरस फुटांचा. प्लास्टरचा दर ८५ रुपये असेल तर हा फरक २,२८,४८० रुपयांचा होतो, आणि रंगाच्या क्षेत्रातही तोच फरक पुन्हा येतो.

आता वजावट करायची की नाही, हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. काही करारांत खिडक्या वजा न करता कडाही मोजायच्या नाहीत असं असतं, काहींत भारतीय मानकाच्या मोजमाप पद्धतीचा, म्हणजे आयएस १२००चा, हवाला असतो. जे लिहिलं असेल ते दोघांनी पाळायचं. कंत्राटदाराने पूर्ण भिंत मोजून वर कडाही लावल्या असतील, तर तिथे थांबून विचारा. तसंच कडा मोजल्याच नाहीत अशी त्याची तक्रार रास्त असेल, तर ती मान्य करा. हिशेब दोन्ही बाजूंनी खरा असला तरच पुढचं वर्षभर तो गळती काढायला येईल.

झाकल्या गेलेल्या कामांचं मोजमाप आता होऊ शकत नाही: सळ्यांवरचा गंजरोधक थर, जाळी, मायक्रोकाँक्रीटचं जॅकेटिंग. त्यासाठी त्या वेळच्या नोंदी आणि फोटोच आधार. नोंद नसलेली बाब अंतिम बिलात दिसली, तर सल्लागाराकडून लेखी खुलासा घ्या.

जादा कामं वेगळ्या तक्त्यात मांडा. करारात नसलेली प्रत्येक बाब, तिचा दर कसा ठरला, कुणी मंजूर केली आणि कोणत्या सभेत. तोंडी सांगितलेली कामं इथे वर येतात: "चेअरमन साहेबांनी कंपाउंडचा तो कोपरा करायला सांगितला होता." काम खरंच झालं असेल तर पैसे द्यावे लागतील, पण समितीचा ठराव आधी, बिलात समावेश नंतर. एकूण खर्च सर्वसाधारण सभेने मंजूर केलेल्या रकमेच्या पुढे जात असेल, तर समितीच्या ठरावाने भागत नाही, सभेपुढेच जावं लागतं.

अंतिम बिल, आकड्यांसह

आपल्या उदाहरणात अंतिम मोजमापाने एकूण काम ५८,४०,००० रुपयांचं भरलं, त्यात मंजूर जादा कामं ३,१०,००० ची. आधीच्या चालू बिलांत ५४,००,००० चं काम प्रमाणित झालं होतं. सगळे आकडे जीएसटी वगळून. दर बिलातून ५ टक्के रक्कम राखून ठेवली होती. तर शेवटचा हिशेब असा:

- या बिलातलं काम: ५८,४०,००० वजा ५४,००,००० = ४,४०,०००
- १८ टक्के जीएसटी: ७९,२००, एकूण ५,१९,२००
- टीडीएस २ टक्के, ४,४०,००० वर: ८,८०० वजा
- राखीव रक्कम ५ टक्के: २२,००० वजा
- कामासाठी वापरलेली वीज, सबमीटरप्रमाणे: १८,५०० वजा
- दोन घरांतल्या काचा आणि एसीच्या पाइपचं नुकसान: ९,४०० वजा
- देय रक्कम: ४,६०,५००

राखून ठेवलेली एकूण रक्कम आता ५८,४०,००० च्या ५ टक्के, म्हणजे २,९२,०००. करारानुसार निम्मी, १,४६,०००, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सोडायची. म्हणून आजचा चेक ६,०६,५०० रुपयांचा आणि १,४६,००० पुढच्या वर्षापर्यंत सोसायटीकडे.

यात टीडीएसच्या दोन जागा चुकतात. टीडीएस जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर कापायचा असतो, बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर. आणि राखीव रकमेवरचा टीडीएस बिल खात्यात घेतलं तेव्हाच कापला गेलेला असतो, म्हणून ती रक्कम परत देताना पुन्हा कापायचा नाही. ताळा सोपा आहे: सगळ्या बिलांतून मिळून कापलेला टीडीएस ५८,४०,००० च्या २ टक्के, म्हणजे १,१६,८०० यायला हवा. कंत्राटदार कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर दर २ टक्के, वैयक्तिक मालकीचा धंदा असेल तर १ टक्का. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची, मार्चची ३० एप्रिलपर्यंत. कंत्राटदाराला टीडीएसचं प्रमाणपत्र दिलं की ही बाब मिटली.

सुरुवातीला कंत्राटदाराला उचल दिली असेल तर ती पूर्ण वळती झाली का, हे पहिल्या बिलापासून जोडून बघा. काम अंदाजापेक्षा कमी भरलं की दर बिलातून ठरावीक टक्क्याने होणारी वसुली अपुरी पडते आणि शिल्लक अंतिम बिलातच घ्यावी लागते.

उशिराच्या दंडाबद्दल कायद्यातली एक गोष्ट समित्यांना फारशी माहीत नसते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ५५ नुसार, ठरल्या वेळेत न झालेलं काम तुम्ही नंतर स्वीकारलंत आणि स्वीकारताना भरपाईचा हक्क राखून ठेवल्याची सूचना दिली नाहीत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. म्हणून उशीर झाला असेल तर दोनच मार्ग: एकतर पाऊस, साहित्याची टंचाई, रहिवाशांनी वेळेवर घरं न उघडणं अशी कारणं नोंदवून मुदतवाढ द्या, किंवा पूर्णत्वाच्या पत्रातच हक्क राखून ठेवत असल्याचं लिहा. माझं मत असं, की उशीर दोन-तीन आठवड्यांचा असेल आणि त्यात सोसायटीचाही वाटा असेल तर मुदतवाढ देऊन टाकावी. दंडाच्या पन्नास हजारांपेक्षा पुढच्या पावसाळ्यातलं सहकार्य मोलाचं असतं.

ताबा घेताना

कंत्राटदाराचं सामान, सिमेंटच्या गोणी, मजुरांच्या तात्पुरत्या खोल्या आणि राडारोडा हलल्यावर जागा ताब्यात घ्या. गच्चीच्या, मीटररूमच्या आणि पंपरूमच्या चाव्या मोजून परत घ्या. पाण्याच्या टाक्यांवर काम झालं असेल तर धुवून, भरून, एक दिवस पातळी बघून मगच वापर सुरू करा. पावसाळी जाळ्यांत आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सिमेंटचा गाळ बसलेला असतो. तो आता काढून घेतला नाही तर पहिल्या मोठ्या सरीला आवारात पाणी तुंबतं. बाहेरच्या प्रत्येक रंगछटेची एकेक बादली कंत्राटदाराकडून मागून घ्या, छटेच्या क्रमांकासह.

मजुरांचे पैसे चुकते झाल्याचं लेखी हमीपत्र कंत्राटदाराकडून घ्या, आणि कामाच्या काळातल्या विमा पॉलिसीच्या, ईएसआयसी आणि भविष्य निर्वाह निधीच्या चलनांच्या प्रती लावून घ्या. थकलेले मजूर आणि साहित्याचे दुकानदार शेवटी सोसायटीच्या गेटवर येतात, आणि तेव्हा दाखवायला कागद लागतो.

ताब्यातला सगळ्यात किमती कागद म्हणजे वॉटरप्रूफिंगची गॅरंटी. ती लेटरहेडवरच्या दोन ओळींची नको, स्टॅम्प पेपरवर हवी. वॉटरप्रूफिंग दुसऱ्या एजन्सीने केलं असेल तर त्यांची आणि मुख्य कंत्राटदाराची, दोघांचीही सही घ्या. एजन्सी गायब झाली तरी मुख्य कंत्राटदार बांधील राहतो. मजकुरात कोणती जागा आणि किती क्षेत्र, गॅरंटी किती वर्षं आणि कोणत्या तारखेपासून, तक्रार आल्यावर किती दिवसांत येणार, आणि गॅरंटी कशाने रद्द होते, एवढं तरी असावं.

हा शेवटचा मुद्दा सभासदांनाही सांगायला हवा. गच्चीत भोक पाडून डिश अँटेना बसवणं, सोलर पॅनलचे पाय ठोकणं, एसीच्या पाइपसाठी पॅरापेट फोडणं, यातल्या कशानेही गॅरंटी जाऊ शकते. ताब्याच्या दिवशीच समितीने ठराव करावा की गच्चीवर कोणतंही काम समितीच्या लेखी परवानगीशिवाय करायचं नाही, आणि तो सूचनाफलकावर लावावा. रंगाची हमी कंपनीकडून मिळणार असेल तर ती सोसायटीच्या नावाने घ्या. त्यासाठी रंगाची बिलं आणि बॅच क्रमांक मागतात, म्हणून रिकाम्या बादल्यांची नोंद काम चालू असतानाच ठेवलेली बरी.

सल्लागाराकडून अंतिम नकाशे आणि चाचण्यांचे अहवाल घ्या. दुरुस्तीआधी केलेल्या चाचण्या, म्हणजे रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी वगैरे, दुरुस्तीनंतर त्याच जागी पुन्हा केल्या असतील तर दोन्ही आकडे शेजारी मांडलेला तक्ता मागा. ३० वर्षांवरच्या इमारतीला महानगरपालिकेकडे स्थैर्य प्रमाणपत्र द्यावं लागत असेल तर तेही आताच. सल्लागाराच्या फीमधली काही रक्कम, साधारण दहा टक्के, या प्रमाणपत्रासाठी आणि वर्षअखेरच्या पाहणीसाठी राखून ठेवा. पूर्ण फी घेतलेल्या सल्लागाराला पुढच्या मेमध्ये गच्चीवर बोलावणं कठीण जातं.

करार बंद करताना

अंतिम बिलाची रक्कम दोघांनी मान्य केल्यावर आणि पैसे देताना कंत्राटदाराकडून नो-क्लेम प्रमाणपत्र घ्या: या करारातून माझं राखीव रक्कम सोडून काहीही येणं बाकी नाही. हे प्रमाणपत्र मान्य हिशेबाच्या मागून यायला हवं. "आधी सही कर, मग वादातीत पैसेही देतो" असा दबाव आणून घेतलेली सही पुढे कोर्टात किंवा लवादापुढे टिकेलच असं नाही. एखाद्या बाबीवर वाद असेल तर तेवढीच रक्कम बाजूला काढा, कारण लिहा आणि बाकीचे पैसे देऊन टाका. झालेल्या कामाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, त्यामुळे वाद तोंडी ठेवला तर तो पुढची तीन वर्षं टांगता राहतो.

कंत्राटदाराने बँक गॅरंटी दिली असेल तर तिची मुदत दोषदायित्वाच्या शेवटानंतरही दोन-तीन महिने राहील अशी वाढवून घ्या. मुदत संपायच्या तारखेच्या महिनाभर आधीची आठवण खजिनदार आणि सचिव, दोघांच्याही फोनमध्ये लावा. मुदत संपलेल्या बँक गॅरंटीवर दावा करता येत नाही.

पहिल्या पावसाळ्यात तक्रारी नोंदवायची एकच जागा ठेवा: एक वही किंवा सोसायटीचा ई-मेल. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडलेला ओल्या भिंतीचा फोटो चार दिवसांत वर सरकून जातो. सदनिका क्रमांक, तारीख, फोटो, कंत्राटदाराला कधी कळवलं आणि तो कधी आला, एवढं नोंदवा. कळवणं लेखीच हवं. तो आला नाही आणि दुसऱ्याकडून काम करून राखीव रकमेतून खर्च वळता करायचा असेल, तर आधी मुदत देऊन लेखी सूचना दिली होती हे दाखवावं लागतं.

ओल दिसली की कारणही तपासून घ्या. पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत वाळत जाणारी ओल बहुधा बाहेरून येते. कोरड्या दिवसांतही तशीच राहणारी ओल वरच्या घराच्या बाथरूमची किंवा आतल्या पाइपची असू शकते, आणि ती या कंत्राटदाराची जबाबदारी नाही. हा फरक न करता सगळ्या तक्रारी त्याच्या नावावर टाकल्या, की तो खऱ्या तक्रारींकडेही दुर्लक्ष करायला लागतो.

सोसायटीच्या बाजूचे हिशेबही मिटवायचे असतात. दुरुस्तीसाठी सभासदांकडून प्रत्येकी किती घेतलं, दुरुस्ती आणि सिंकिंग फंडातून किती काढलं, प्रत्यक्ष खर्च किती, आणि उरलेलं परत द्यायचं की फंडात ठेवायचं, हे सर्वसाधारण सभेपुढे मांडून मंजूर करून घ्या. राखीव रक्कम हे सोसायटीचं देणं आहे. ती ताळेबंदात देणं म्हणूनच दिसली पाहिजे, बचत म्हणून नाही.

कागदपत्रं जपून ठेवताना

समिती बदलते आणि सचिवाच्या घरातली पिशवी त्याच्याबरोबर दुसऱ्या शहरात जाते. म्हणून फाईल एका माणसाच्या नावाने न राहता सोसायटीच्या कपाटात आणि सोसायटीच्याच ई-मेल खात्याला जोडलेल्या जागेत असावी.

मूळ कागदांत सही-शिक्क्याचा करार, स्टॅम्प पेपरवरच्या गॅरंट्या, बँक गॅरंटी, मोजमाप पुस्तक, नो-क्लेम आणि पूर्णत्वाचा दाखला हे वेगळ्या लिफाफ्यात, शक्य तर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. बाकी फाईल कामाच्या क्रमाने लावा: ऑडिट अहवाल, टेंडर आणि तुलनात्मक तक्ता, सभांचे ठराव, कामाचा आदेश, चालू बिलं, जादा कामं, चाचण्या, अंतिम बिल, पत्रव्यवहार. थर्मल कागदावरच्या पावत्या वर्ष-दोन वर्षांत कोऱ्या होतात. त्यांची झेरॉक्स काढून मागे जोडा.

स्कॅन करताना फाईलचं नाव असं द्या, की दहा वर्षांनी अनोळखी माणसाला न उघडता कळेल:

```
01_Audit-Report_2024-08-10.pdf
05_RA-Bill-03_2025-02-15.pdf
09_Final-Bill_2025-06-02.pdf
10_Waterproofing-Guarantee_2025-05-20.pdf
```

आधी दोन अंकी क्रमांक आणि शेवटी तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की यादी आपोआप क्रमाने लागते. झाकल्या गेलेल्या कामांचे फोटो बाजू आणि मजल्याप्रमाणे फोल्डरमध्ये टाका. पुढच्या ऑडिटला येणाऱ्या अभियंत्याला कोणत्या कॉलमला जॅकेटिंग झालंय ते यातूनच कळतं.

किती वर्षं ठेवायचं? बिलं, चेक आणि टीडीएसची कागदपत्रं आठ वर्षं ठेवली तर कर खात्याच्या नेहमीच्या मुदती भागतात. सोसायटीला जीएसटी लागू असेल तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब ठेवणं बंधनकारक आहे, तेही या आठ वर्षांत बसतं. एखाद्या बाबीवर वाद किंवा दावा चालू असेल तर तो पूर्ण मिटेपर्यंत काही फाडू नका. गॅरंटी तिची मुदत संपून वर एक पावसाळा जाईपर्यंत. नकाशे, चाचण्यांचे अहवाल, मोजमाप पुस्तक आणि फोटो इमारत उभी आहे तोवर, आणि पुनर्विकास निघाला तरी ताबा देईपर्यंत.

शेवटची पाहणी

आपल्या उदाहरणात दोषदायित्व पुढच्या १९ मेला संपतं. त्याआधी सहा आठवडे, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सल्लागार आणि कंत्राटदाराला घेऊन पुन्हा फेरी मारा. पावसाळ्यातल्या तक्रारींची वही हातात असावी आणि प्रत्येक तक्रार मिटल्याची त्या सभासदाची सही त्यात असावी. उन्हाळ्यात गच्चीवरच्या थराला तडे गेले असतील तर तेही याच वेळी दिसतात. एप्रिलमध्ये यादी दिली की कंत्राटदाराला दुरुस्तीला महिना मिळतो आणि काम पावसाआधी उरकतं.

यादी मिटल्यावर सल्लागार अंतिम पूर्णत्वाचा दाखला देतो. मग १,४६,००० रुपये, वळता केलेला खर्च असेल तर तो वजा करून, द्या. बँक गॅरंटी परत करा आणि ती मिळाल्याची पोच घ्या. राखीव रकमेच्या पावतीवर करारातले सर्व देणे-घेणे पूर्ण झाल्याचं लिहून घ्या. वॉटरप्रूफिंगची गॅरंटी यानंतरही चालूच राहते, हेही त्याच कागदावर एका ओळीत असू द्या. त्या महिन्याच्या समिती सभेत करार बंद झाल्याचा ठराव नोंदवा आणि त्याची प्रत फाईलच्या पहिल्या पानावर, तीन तारखांच्या खाली लावा.